मामा म्हणतात गल्ल्यातून पैसे जायलेत, मी म्हणतो शीट बरोबर हाय. 25 टक्क्याचा हिशोब बघून द्या

केजचा_भाचा
नमस्कार मंडळी, थोडं लांबण लागंल पण पूर्ण वाचा, घरात भांडण पेटायची वेळ आलीय. आमच्या मामाचं केजला स्टीलच्या भांड्याचं छोटं दुकान हाय, माल लातूरहून येतो. मागच्या महिन्यात मामा म्हणले, तू बीकॉम करायलास ना, मग तेवढे भाव काढून दे, मला प्रत्येक नगावर 25 टक्के मार्जिन सुटलं पाहिजे. मी लॅपटॉपवर शीट केली. बी कॉलममध्ये खरेदी, त्यात भाडं हमाली सगळं धरून, आणि सी कॉलममध्ये विक्री. फॉर्म्युला हा:

```
=B2*1.25
```

उदाहरणार्थ पाच किलोचा डबा आम्हाला 240 ला पडतो, शीट म्हणते 300 ला विका. सगळ्या मालावर तशा चिठ्ठ्या चिकटवल्या.

आता महिना झाला. गल्ल्यात एकूण 1,80,000 जमा झाले, सगळं रोख, उधारी बंद केलीय. मामांनी हिशोब लावला की 25 टक्के म्हणजे 45,000 आपले, उरलेल्या 1,35,000 मध्ये जेवढा माल गेला तेवढा परत भरायचा. तर तेवढाच माल भरायला 1,46,400 लागले. भाव वाढलेला नाही, जुन्याच बिलाच्या भावात आलाय. म्हणजे 11,400 कमी पडले. मामा सरळ म्हणायलेत की दुकानातलं पोरगं हात मारायलंय. ते पोरगं सात वर्षांपासून कामाला हाय हो, मला पटंना. पण शीट तर बरोबर हाय, 240 चे 25 टक्के 60, 240 अधिक 60 तीनशे. यात चूक कुठंय ते सांगा.

शिकवणीवाले_सर
शीट बरोबर आहे. नफा नेहमी खरेदीवर काढतात, शेकडा नफ्याची गणितं मी वीस वर्षं तेच शिकवतोय. 60 भागिले 240 गुणिले 100, उत्तर 25. मुलाला पूर्ण मार्क. चोरीचं तुमचं तुम्ही बघा.

सोयाबीन_औसा
भाऊ मामाला म्हणावं आत्ता काढू नका, आवक कमी झाली की भाव येतंय, आम्ही बी थांबलाव.

केजचा_भाचा
@सोयाबीन_औसा दादा भांडी हायत, सोयाबीन नाही.

मुनीम_उदगीर
सर, तुमचं गणित चुकलेलं नाही, पण मामांनी विचारलेला प्रश्न वेगळा होता.

मी एकोणतीस वर्षं पेढीवर वह्या लिहिल्या. भाच्या, आधी त्या पोरावरचा आळ थांबव, मग बाकीचं. उत्तर बरोबर का चूक हे बघायला खरेदीपासून पुढं जाऊ नको, विक्रीपासून उलटं ये. डबा 300 ला विकला. मामा काय करायलेत? ते गल्ल्यातल्या पैशाचे चार ढीग करायलेत, एक ढीग आपला, तीन ढीग माल भरायला. 300 चे चार ढीग म्हणजे 75-75-75-75. तीन ढिगाचे झाले 225. आणि डबा पडतो 240 ला! म्हणजे प्रत्येक डब्यामागं 15 रुपये कमी, कोणी हात न लावता.

300 मागं 15 कमी, तर 1,80,000 मागं किती? 9,000. तुझ्या 11,400 मधले 9,000 तुझ्याच फॉर्म्युल्यानं नेलेत, पोरानं नाही.

केजचा_भाचा
काका पाय कुठंयत तुमचे. पण मग मी लावलेले 25 टक्के गेले कुठं? 60 रुपये तर खरोखर सुटतात ना डब्यामागं.

मुनीम_उदगीर
सुटतात ना, कोण नाही म्हणतंय. 60 हे 60च हायत. तू ते 240 शेजारी ठेवून बघितलेस तर पाव दिसले, मामांनी 300 शेजारी ठेवून बघितले तर तेच 60 पाचवा हिस्सा, म्हणजे 20 टक्के. रुपये एक, बूड दोन. तू जे केलंस त्याला मार्क-अप म्हणतात, खरेदीवर चढवणं. मामांनी मागितलेलं मार्जिन, विक्रीतला आपला वाटा.

जुन्या भाषेत सांगू का, आमचे शेठ म्हणायचे "रुपयामागं चार आणे". नवीन पोरगं आलं की पहिला प्रश्न मी विचारायचो, कोणत्या रुपयामागं? खरेदीच्या रुपयावर चार आणे ठेवले तर वस्तू वीस आण्याला जाते, वीसमध्ये चार म्हणजे पाचवा हिस्सा. गल्ल्यातल्या रुपयात चार आणे आपले पाहिजे असतील तर माल बारा आण्याला पडला पाहिजे, आणि बारावर चार म्हणजे तिसरा हिस्सा चढवावा लागतो. म्हणून मामांना खरंच पंचवीसचं मार्जिन पाहिजे असंल तर सव्वातेहतीसच्या वर थोडं, नेमकं सांगायचं तर तिसरा हिस्सा चढव. 240 चा तिसरा 80, डबा 320. आता परत ढीग करून बघ, 80-80-80-80, तीन ढीग 240. बसलं.

शेंगदाणे_फुटाणे
एवढं कशाला फिरवायचं, 25 चढवायचं आणि जो 60 आला त्याच्यावर परत 25 चढवायचं, काम खतम. 60 चे 25 टक्के 15, डबा 315. आमच्या वडिलांची हीच पद्धत होती.

मुनीम_उदगीर
वडील अर्ध्या वाटेवर थांबले. 315 चे पाव 78.75, आणि सुटले 75. जवळ आलात पण पोचला नाहीत. तेच पुढं चालू ठेवलं, 15 चे पाव 3.75, त्याचे पाव 94 पैसे, असं करत गेलात तर हळूहळू 80 लाच जाऊन टेकता. त्यापेक्षा एकदाच भागा. 240 हा विक्रीतला तीन-चतुर्थांश हाय, मग 240 ला 0.75 नं भागा. शीटमध्ये:

```
=B2/(1-0.25)
```

शेंगदाणे_फुटाणे
वडिलांचं दुकान चाललं ना पण 😄

मुनीम_उदगीर
चालायला काय, 300 ला विकूनबी चालतं. खर्च मात्र 320 धरून केला की बंद पडतं.

शिकवणीवाले_सर
माझा मुद्दा कायम आहे. परीक्षेत "25 टक्के नफ्याने विकले" असं आलं तर खरेदीवरच धरायचं, 300 हेच उत्तर. विद्यार्थ्यांचा गोंधळ करू नका. मात्र "विक्री किमतीवर 25 टक्के" असं छापलं असेल तर 320, हे मान्य. पेपरमध्ये तेवढे दोन शब्द वाचत नाहीत म्हणून मुलं आपटतात, मी स्वतः एकदा फळ्यावर आपटलोय.

केजचा_भाचा
मग मामांनी "नफा" म्हणलं असतं तर मी बरोबर आणि "मार्जिन" म्हणलं म्हणून चूक, असं का?

मेडिकल_नांदेड
असंबी नाही भावा, शब्दावर जाऊ नको, लई फसवतात. आमच्या धंद्यातलं सांगतो. केंद्र सरकारचा 2013 चा औषध किंमत नियंत्रण आदेश हाय, ज्या औषधांचा भाव सरकार बांधून देतं त्याच्यात दुकानदाराचं "मार्जिन" 16 टक्के धरलेलं हाय. नाव मार्जिन, पण हिशोब कसा, तर दुकानदाराला ज्या भावात पडतं त्याची सरासरी काढायची आणि तिच्यावर 16 टक्के चढवायचे. म्हणजे शंभरचे एकशेसोळा, टॅक्स सोडून. आता 116 मध्ये 16 किती? पावणेचौदाच्या आसपास. आणि इतर मालात आम्ही सगळे टक्का एमआरपीवरून मोजतो. एकाच काउंटरवर दोन हिशोब. मी नवीन असताना दोन्ही एकच समजून महिन्याचा अंदाज काढायचो आणि मग रात्री झोप यायची नाही.

म्हणून मी एमआर आला, सप्लायर आला, कोणीबी टक्का बोललं की एकच विचारतो, कशाचे टक्के? सांगायला लाजला तर रुपयात विचारतो, मला किती पडणार आणि मी कितीला देणार.

काराळ_जवस_चटणी
अय्यो, हे आमच्यासोबत झालंय! आमचा बचत गट हाय, काराळाची आणि जवसाची चटणी करतो. एका दुकानदारानं सांगितलं ताई मला 20 टक्के मार्जिन ठेवा आणि पाकिटावर भाव छापून आणा. आम्हाला पाकिटामागं 80 मिळाले तरच परवडतं, मिरची, पाकीट, बायांची मजुरी सगळं धरून. आम्ही 80 चे 20 टक्के 16 काढले आणि 96 छापले. पाचशे लेबलं! दुकानदारानं 96 चे वीस टक्के कापले, 19 रुपये 20 पैसे, आणि हातात टेकवले 76.80. मी म्हणलं दादा तुम्ही जास्ती कापायलात, तो म्हणला ताई तुम्हीच वीस म्हणलात. दोघंबी आपापल्या जागी खरं बोलत होतो बघा. पाकिटामागं 3.20 गेले, पाचशे पाकिटात 1,600. तेवढ्यात कांडपाचं दोन महिन्याचं बिल निघालं असतं.

म्हणजे आम्ही 100 छापायला पाहिजे होतं का?

मुनीम_उदगीर
हो ताई, 100. शंभरातले वीस त्याचे, ऐंशी तुमचे. 80 ला 0.80 नं भागलं की शंभर. छापायच्या आधी एक लेबल हातात घेऊन त्याच्यातून दुकानदाराचा वाटा कापून बघायचा, खाली 80 उरतात का. 96 मध्ये उरले नसते, तिथंच कळलं असतं.

काराळ_जवस_चटणी
आता लेबल 100 ची केलीत. पण तो म्हणायलाय 96 ला जात होती, शंभरचा आकडा दिसला की गिऱ्हाईक पाकीट परत ठेवतंय. ते खरंय का तोच सांगायलाय काय माहीत.

केजचा_भाचा
मंडळी अपडेट. काल रात्री मामांसमोर ढिगाचं बोलून दाखवलं. नुसतं आकड्यात ऐकंनात, मग शंभरच्या तीन नोटा आणि सुट्टे घेऊन खरोखर चटईवर चार ढीग केले, 75-75-75-75, आणि तीन ढीग उचलून म्हणलं, जा लातूरला आणि आणा डबा. मामा दोन मिनिटं गप. मग म्हणले, बरं नऊ हजाराचं कळलं, पण 2,400 अजून राहिले, ते कुठं? म्हणजे संशय अजून पुरता गेला नाही. मामीनं तर पोराला जेवायला वाढलं नेहमीसारखं, मामा मात्र त्याच्याकडं बघंनात.

मुनीम_उदगीर
2,400 चं बघू. तू म्हणलास जेवढा गेला तेवढाच माल 1,46,400 ला परत भरला. मग त्या मालावर तुझ्या चिठ्ठ्या कितीच्या होत्या? 1,46,400 गुणिले 1.25, म्हणजे 1,83,000. चिठ्ठ्यांप्रमाणे गल्ल्यात 1,83,000 यायला पाहिजे होते, आले 1,80,000. तीन हजारांचा फरक. आता सरळ विचार मामांना, गिऱ्हाइकाला किती सोडतात? लग्नसराईचं दुकान, 1,240 झाले तर 1,200 घ्या म्हणतं की नाही माणूस?

केजचा_भाचा
सोडतात! मामांचं तोंड गोड, दहा-वीस रुपये तर विचारायचीबी गरज नाही. पण कुठं लिहीत नाहीत.

मुनीम_उदगीर
मग ते तिथंच गेलं असंल. शंभरामागं पावणेदोन रुपयांच्याही आत हाय हा फरक, भांड्याच्या दुकानात काहीच नाही. पण लिहिलेलं नाही म्हणून मी छातीठोक सांगणार नाही. सूट काळजीपूर्वक द्या मात्र. सूट नेहमी चिठ्ठीच्या भावावर जाते, म्हणून ती दिसते बारीक आणि खाते मोठं. 300 च्या डब्यावर "दहा टक्के सोडा" म्हणलं तर 30 गेले, आणि तुमचे होते साठच. दहा टक्क्यात निम्मा नफा गेला.

शेंगदाणे_फुटाणे
त्याला उपाय सोपाय, 30 टक्के चढवून ठेवायचे आणि बाहेर बोर्ड लावायचा 30 टक्के सूट. फिट्टंफाट, आपलं काही जात नाही आणि गर्दी होते.

मेडिकल_नांदेड
भाऊ थांब थांब. शंभरची वस्तू 130 केली, 130 चे तीस टक्के 39. गिऱ्हाइकाला गेली 91 ला. घरचे नऊ घालून दिली की!

शेंगदाणे_फुटाणे
...आयला. हे वडिलांनी केलं होतं एकदा दसऱ्याला. गर्दी लई झाली होती खरं.

हार्डवेअर_जालना
मुनीमकाका, एक अडचण. प्रत्येक वस्तूवर शीटचा भाव लागतोच असं नाही. भाच्या, तुमच्याकडं कुकर, मिक्सर असलं छापील एमआरपीचं काही हाय का? त्याच्यावर तर तुला वरचा भाव लावताच येत नाही.

केजचा_भाचा
हाय, कुकर हायत. थांबा बघतो.

बघितलं. 5 लिटरचा कुकर आम्हाला 1,660 ला पडतो, एमआरपी 2,000. माझ्या शीटनं 2,075 काढले होते. 😐 मामांनी चिठ्ठी बघून नुसतं हसून 2,000 नं दिले म्हणे. महिन्यात बारा गेले.

हार्डवेअर_जालना
मग बारा पंचाहत्तर नऊशे. तुमच्या तीन हजारातले नऊशे इथं निघाले, कोणी चोरले नाहीत, ते कधी येणारच नव्हते. आणि मुनीमकाकाच्या नव्या फॉर्म्युल्यानं तर तो कुकर 2,213 चा दिसंल. असल्या मालाला उलटं चालायचं, विक्री बांधलेली हाय म्हणून 2,000 मधून 1,660 वजा, 340 सुटले, ते दोन हजारात 17 टक्के. एवढंच मिळणार, घ्यायचं तर घ्या नाहीतर कुकर ठेवू नका. आणि कुकरवर 17च सुटत असतील तर दुकानाचं एकूण पंचवीस बसवायला कुठंतरी पंचवीसच्या वर काढावं लागंल, ताट-वाटी, चमचे असल्या बारीक मालात निघतं ते, तिथं कोणी भाव लक्षात ठेवत नाही.

मुनीम_उदगीर
बरोबर धरलं जालनेकर, माझ्या ध्यानात आलं नाही. राहिले 2,100, ते सोडलेल्या पैशाचे असावेत. एक महिना वहीत "सोडले" म्हणून वेगळा कॉलम ठेव, फक्त आकडा, नाव नको गाव नको. पुढच्या महिन्यात बसतंय का बघ.

अजून एक, मामा जीएसटीत कसे हायत?

केजचा_भाचा
कंपोझिशनमध्ये.

मुनीम_उदगीर
मग बिलावर वेगळा टॅक्स घेता येत नाही आणि खरेदीचा जीएसटीही परत मिळत नाही, म्हणून तो 240 मध्ये धरलेला असला पाहिजे, बिल काढून बघ. आणि व्यापाऱ्याला तो एक टक्का द्यावा लागतो तो विक्रीवर. खरेदीवर नाही, नफ्यावर नाही. 1,80,000 वर 1,800. दुकानाचे किती तरी खर्च असेच गल्ल्याच्या मापानं जातात, म्हणून जुने लोक टक्का गल्ल्यावरून धरायचे. मामांचं डोकं त्या बाबतीत ठिकाणावर हाय.

शिकवणीवाले_सर
मी उद्या नववीच्या बॅचला हा डब्याचा प्रश्न टाकतोय. एकदा "नफा 25 टक्के" आणि एकदा "विक्रीच्या 25 टक्के" असं. बघू किती जण 300 दोनदा लिहितात.

केजचा_भाचा
आता खरा पेच. शीट बदलली, डबा 320 आला. मामा म्हणतात शेजारच्या दुकानात तोच डबा 305 ला हाय, 320 म्हणलं तर गिऱ्हाईक पायरीवरूनच फिरंल. मग 25 टक्के सोडायचं की डबा?

हार्डवेअर_जालना
305 ला विक. 65 सुटतात, 305 मध्ये एकवीस-साडेएकवीस टक्के पडतात. फक्त मामांना सांग की डब्याच्या पैशातून पाव ढीग उचलायचा नाही.

मुनीम_उदगीर
मी असतो तर 320 वरच ठेवला असता आणि वीस सोडले असते. गिऱ्हाइकाला सोडलेलं बरं वाटतं.

हार्डवेअर_जालना
काका आजकाल पोरं मोबाईलवर भाव बघून येतात, 320 ऐकून आतच येत नाहीत.

मुनीम_उदगीर
केजला? लग्नाची भांडी घ्यायला? येतात येतात.

केजचा_भाचा
तुम्ही दोघं ठरवा, मी तोपर्यंत 310 लिहिलंय. आज सकाळी मामांनी त्या पोराला चहा आणायला न पाठवता स्वतः आणला आणि त्याला दिला. बोलले काहीच नाहीत. पोराला काय झालं तेच कळंना, तो म्हणतो मामाची तब्येत बरी हाय ना.

नवा_मेंबर_परतूर
धागा वाचला, मस्त. मला मोबाईल कव्हरवर 100 टक्के मार्जिन पाहिजे, तर काकांच्या फॉर्म्युल्यात किती टाकायचं? मी 1 टाकलं तर हे आलं:

```
#DIV/0!
```

मेडिकल_नांदेड
कारण शंभर टक्के मार्जिन म्हणजे कव्हर तुला फुकटात पडलं पाहिजे. तुला बहुतेक दुप्पट भाव पाहिजे, 50 चं 100 ला. ते चढवणं शंभर टक्के, मार्जिन पन्नास. 0.5 टाक.

नवा_मेंबर_परतूर
पण आमचा होलसेलवाला तर म्हणला शंभर टक्के मार्जिन हाय याच्यात

मुनीम_उदगीर
त्याला विचार, कशाचे.